माप बदललं, पोराला कुणी सांगितलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुण आणि आत्मसन्मान यांच्यावरचा परवाच्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. आमच्या तालुक्याला पुरवणी सोमवारी दुपारी मिळते, त्यामुळे पत्राला उशीर झाला. ही तक्रार मी पूर्वीही कळवली आहे आणि आज पुन्हा कळवतो.

लेख कळकळीने लिहिला आहे, याबद्दल शंका नाही. पण लेखिकाबाईंचा सगळा रोख पालकांवर आणि मुलांच्या मनावर आहे. मुलाने गुण म्हणजे मी नव्हे असं स्वतःला समजवावं, आईवडिलांनी अपेक्षा कमी कराव्यात, एवढंच त्या सांगतात. मी अपेक्षा ठेवणारा बाप आहे आणि माझी चूक मी खाली लिहिणार आहे. पण ते गुण तयार कसे होतात, याबद्दल त्या लेखात एक ओळ नाही. त्याचाच मला राग आला.

माझा मुलगा 2019 ला दहावीला होता. तोच निकाल, ज्याला तुम्ही पहिल्या पानावर ‘घसरला’ असं मोठ्या टायपात छापलं होतं. 2018 ला राज्याचा निकाल 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. त्या वर्षी दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांची 20 गुणांची तोंडी परीक्षा काढून टाकली होती. पूर्ण शंभराची लेखी.

आमच्या घरात तोवर कुणी नापास झालं नव्हतं. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरातल्या सगळ्यांच्या गुणपत्रिका त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर्षवारीने ठेवल्या आहेत. नातवाच्या गुणपत्रिकेसाठी त्यांनी नवा लिफाफा आणून ठेवला होता. मी अर्धा किलो पेढे सांगून ठेवले होते.

निकाल दुपारी एक वाजता. मोबाईलवर बैठक क्रमांक टाकला, मग आईचं नाव टाकावं लागतं. ते तिनेच ओट्यापाशी उभं राहून एकेक अक्षर सांगितलं. मराठी 61, हिंदी 52, गणित 47, विज्ञान 58, सामाजिक शास्त्रे 56. इंग्रजी 24. पोराने पडदा वर-खाली केला, परत बैठक क्रमांक टाकला. परत 24. वडील काही बोलले नाहीत, लिफाफा उचलून आत गेले. मी मात्र बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण त्यानंतर आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो जेवायला सगळ्यांच्या नंतर बसायचा.

पुढच्या वर्षी माझी पुतणी दहावीला. तेच घर, तीच शाळा, इंग्रजीला तेच सर. दरम्यान सरकारने भाषांची 80-20 ची पद्धत परत आणली होती. राज्याचा निकाल 95.30 टक्के लागला. पुतणीला इंग्रजीत 44. घरात आनंद झाला, पेढे आले, तिची गुणपत्रिका ट्रंकेत गेली.

रात्री मुलगा माझ्याजवळ येऊन बसला आणि वहीच्या मागच्या पानावर त्याने हिशेब मांडला. तिला तोंडीला 18 मिळाले होते, ते तिला शाळेतून माहीत होतं. म्हणजे लेखीचे राहिले 26. ऐंशीपैकी 26 म्हणजे शंभरात साडेबत्तीस. मग त्याने स्वतःचं मांडलं. शंभरपैकी 24 म्हणजे ऐंशीत 19. त्यात तिच्यासारखे 18 धरले तर 37. पास व्हायला लागतात 35. माझ्या वर्षी ती नापास झाली असती आणि तिच्या वर्षी मी पास झालो असतो, एवढंच तो म्हणाला. आवाज चढवला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “तिला भूगोलाचे गुण पेपर न देता मिळाले, माझे तोंडीचे परीक्षा न घेताच गेले.” वाचकांना आठवत असेल, टाळेबंदीमुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपरच झाला नाही आणि सगळ्यांना सरासरीने गुण दिले गेले.

लेखीचे 26 आणि 24 यांत फरक आहे, हे मला कळतं. पोराचं इंग्रजी कच्चं होतं, हेही मी नाकारत नाही. तोंडीला शाळा सढळ हाताने गुण द्यायच्या, पाच-सात ओळींची कविता आणि दोन प्रश्न विचारले की 17-18 ठरलेले, म्हणून ती काढली असेल तर त्यालाही कारण आहे. ती ठेवावी की काढावी, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. माझं म्हणणं एवढंच आहे की 12 टक्के मुलं एका वर्षात ढ झाली नव्हती आणि पुढच्या वर्षी 18 टक्के हुशार झाली नव्हती. माप बदललं होतं. ज्या पोरांना त्या मापाने मोजलं, त्यांना हे कुणी समजावलं नाही. शाळेने नाही, तुम्ही नाही आणि मीही नाही. त्याला ते स्वतःलाच एका वहीच्या पानावर शोधावं लागलं आणि तोवर एक वर्ष तो स्वतःला घरातला पहिला नापास समजून वावरत होता.

म्हणून लेखिकाबाईंना माझी विनंती आहे. मुलाला ‘तुझी किंमत गुणांत नाही’ असं म्हणून भागत नाही. त्याला ते खोटं सांत्वन वाटतं, कारण घर, नातेवाईक, कॉलेजचा क्लार्क, सगळे गुणच विचारतात. त्याच्याशेजारी बसा आणि त्याचा 24 कशाचा बनला आहे ते मांडून दाखवा. लेखी किती, तोंडी किती, सहापैकी कोणते पाच विषय धरले, आदल्या वर्षी काय पद्धत होती. माझ्या पोराचा चेहरा मी त्या रात्री पाहिला आहे. वर्षभरात कुणाच्याही समजुतीने जे झालं नव्हतं, ते त्या बेरजेने झालं.

आणि संपादक महोदय, निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या दैनिकात क्लासवाल्यांच्या पानभर जाहिराती असतात, चौकटी-चौकटीत फोटो आणि खाली टक्केवारी. त्याच आठवड्यात तुम्ही गुणांमागे धावू नका असा लेख छापता. जाहिराती बंद करा असं मी म्हणत नाही, तुमचाही संसार आहे. पण त्या दिवशी पाव पान तरी निकालाचं गणित समजावून सांगायला द्या.

मुलाने जुलै 2019 च्या पुरवणी परीक्षेत इंग्रजी सोडवलं, 41 गुण. पुढे बी. कॉम. झाला, आता एका पतसंस्थेत आहे आणि त्याचं काम चांगलं चाललं आहे. पण कुठलाही अर्ज भरायला घेतला की दहावी उत्तीर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष लिहिण्याचा रकाना येतो. बाकीचे मार्च लिहितात. गेल्या महिन्यात बँकेच्या परीक्षेचा अर्ज तो माझ्यासमोर भरत होता, त्या रकान्याशी पेन थांबलं. मी त्याला म्हणालो, जुलै लिही, पुढचं भर. त्याने लिहिलं.

ट्रंकेतला तो नवा लिफाफा वडिलांनी नंतर कधी वापरला नाही. गेल्या दिवाळीत ट्रंक झाडताना सापडला. त्यात मी मुलाची जुलैची गुणपत्रिका घालून वर्षवारीत, पुतणीच्या आधी ठेवली आहे.

कृपया पत्रात माझं नाव छापू नये. मुलाला विचारलं, तो म्हणाला पत्र पाठवा, नाव नको.

आपला,
एक जुना वाचक, जि. सोलापूर