सभासद यादी तपासणीसाठी पाठवण्याआधी काय झाकावे, याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव,
गृहनिर्माण सोसायटी, टिळकवाडी, बेळगाव

महोदय,

सभासदांची माहिती दुरुस्तीसाठी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची आणि तीच फाइल वकिलांनाही पाठवायची, असे नोटिशीत म्हटले आहे. यादीत नाव, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, मूळ पत्ता, आधार, पॅन आणि बँक खाते हे सगळे आहे. सोबत खरेदीखताची पाने आणि रद्द केलेल्या चेकची झेरॉक्सही जोडलेली आहे. तपासणीला माझी हरकत नाही, पण या दोन वाचकांना एकच फाइल जाऊ नये.

काय झाकायचे हे वाचणाऱ्याला काय तपासायचे आहे त्यावर ठरते. ग्रुपवर सभासद पाहणार ते नाव, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ आणि हिस्सा. नावाची अक्षरे मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही लिपींत खरेदीखताप्रमाणे हवीत आणि खरी दुरुस्ती तिथेच निघेल, म्हणून नाव उघडेच राहावे. खानापूर, निपाणीकडचा मूळ पत्ता शेजाऱ्यांना लागत नाही, वकिलांना मात्र लागतो. उलट, खातेक्रमांक आणि चेकशी वकिलांना काही देणेघेणे नाही.

आधारचे शेवटचे चार आकडे ठेवून पहिले आठ झाकायचे, ही आधारची स्वतःची 'मास्क्ड' पद्धत आहे आणि आपणही तीच पाळावी. तरीही चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. यादीत पहिले आठ झाकले आणि जोडलेल्या झेरॉक्सवर कोणीतरी शेवटचे चार झाकले, तर दोन्ही पाने शेजारी ठेवताच बाराही आकडे हातात येतात. फाइलच्या प्रत्येक पानावर तेच आकडे झाकलेले हवेत. आधारच्या पूर्ण पत्रावर नंबर एकाहून जास्त ठिकाणी असतो, वरच्या भागात पत्त्याखाली मोबाइल नंबर असू शकतो, आणि क्यूआर कोड असतोच. जुन्या पत्रांवरच्या क्यूआरमध्ये पूर्ण नंबर साध्या मजकुरात असतो. नव्यात पूर्ण नंबर नसतो, पण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो असतो. नंबर झाकला आणि क्यूआर तसाच राहिला, तर झाकल्याचा उपयोग शून्य.

पॅनच्या बाबतीत सवयीने पहिली पाच अक्षरे झाकतात. यादीत `XXXXX4821M` असे दिसले की सुरक्षित वाटते. पण व्यक्तीच्या पॅनचे चौथे अक्षर P असते आणि पाचवे आडनावाचे पहिले अक्षर. आडनाव तर शेजारच्याच रकान्यात आहे! म्हणजे खरी लपली ती फक्त तीन अक्षरे, २६ × २६ × २६ = १७,५७६ शक्यता. संगणकाला हे काम काही क्षणांचे. त्याऐवजी फक्त शेवटची दोन स्थाने दाखवली, तर तीन अक्षरे आणि तीन आकडे लपतात आणि शक्यता पावणेदोन कोटींवर जाते. सभासदाला आपली ओळ ओळखायला दोन स्थाने पुरतात.

बँकेच्या रकान्यातला आयएफएससी झाकण्यात वेळ घालवू नये, तो शाखेचा असतो आणि सगळीकडे छापलेला असतो. खातेक्रमांकाचे शेवटचे चार आकडे ठेवावेत. चेकवर मात्र खातेक्रमांकापेक्षा सही महत्त्वाची. रद्द चेकवर सही लागत नाही, तरी बरेच जण करतात. ती पूर्ण झाकावी, आणि चेकच्या तळाची आकड्यांची पट्टीही.

सगळ्यात नाजूक कागद म्हणजे खरेदीखत, कारण त्यावर अंगठ्याचे ठसे असतात. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहाराला तीनच गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा. ओटीपी लागत नाही. नोंदणीच्या दस्तांवरून ठसे उतरवून खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी २०२३ मध्ये बंगळूरुत झाल्या होत्या. आपल्या फाइलमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत. ग्रुपवर खरेदीखत अजिबात जाऊ नये. वकिलांच्या प्रतीत ठसा पूर्ण झाकावा, दस्त क्रमांक आणि तारीख उघडी ठेवावी.

आता झाकायचे कसे. एक्सेलमध्ये रकाना 'हाइड' केला तर कोणीही दोन क्लिकमध्ये परत उघडतो. नव्या फाइलमध्ये फक्त लागणारे रकाने कॉपी करावेत आणि तिची पीडीएफ काढावी. पीडीएफवर काळी चौकट ओढली तरी खालचा मजकूर बहुधा तसाच राहतो. मोबाइलच्या हायलाइटर ब्रशने फोटोवर काळे फासले, तर तो रंग अर्धपारदर्शक असतो आणि फोटोचा उजेड वाढवला की आकडे पुन्हा उमटतात. चेक आणि खरेदीखतासाठी कागदाचा मार्ग बरा: झेरॉक्सवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची, तिची पुन्हा झेरॉक्स काढायची आणि ती स्कॅन करायची. मार्करची शाई उजेडात धरली की खालचे दिसते, म्हणून पट्टी.

फाइल पाठवण्याआधी ती उघडून `Ctrl+A`, मग `Ctrl+C` करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहावे. झाकलेला एकही आकडा तिथे आला, तर काम फसले. नुसते `Ctrl+F` करून शोधणे आपल्याकडे पुरत नाही, कारण आपली निम्मी पाने कन्नडमध्ये आहेत. इंग्रजीत आडनाव शोधले की कन्नड पान सुटते. जुन्या 'नुडी' फाँटमध्ये टाइप झालेला कन्नड मजकूर तर पेस्ट केल्यावर अगम्य खुणांसारखा दिसतो. तो पाहून 'काही नाही' असे समजू नये, फाँट बदलला की तो जसाच्या तसा वाचता येतो. कन्नड पाने एकेक करून डोळ्यांनीच पाहावी लागतील.

एक अडचण उरते. शेवटचे चार आकडे दाखवले तर पहिल्या आठांतली टायपिंगची चूक ग्रुपवर सापडणार नाही. त्यासाठी सचिवांनी ऑफिसात छापील पूर्ण यादी ठेवावी, ज्याने त्याने येऊन आपली ओळ पडताळून सही करावी, आणि शेजारच्या ओळींवर कोरा कागद ठेवलेला असावा. आधारच्या रकान्याचा या यादीला खरोखर उपयोग आहे का, हेही समितीने वकिलांना विचारावे. माझ्या मते नाही. आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ मध्ये आधार नंबर जाहीरपणे प्रसिद्ध करायला मनाई आहे, आणि ग्रुपवर टाकलेली फाइल कोणाच्या फोनमधून कुठे जाईल ते सांगता येत नाही.

तेव्हा सध्याची फाइल पाठवणे थांबवून वरीलप्रमाणे दोन प्रती कराव्यात. फाइलच्या नावातही नंबर नको.

आपला,
एक सभासद, दुसरा मजला