लंबगोल निवड, काळे कोपरे आणि तुमच्या ग्राहक सेवेचं ‘चौकोनी’ उत्तर

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: टॅबलेटमधल्या स्मार्ट सिलेक्शनने लंबगोल किंवा मोकळ्या हाताने निवडलेला भाग अपडेटनंतर काळ्या कोपऱ्यांसह सेव्ह होतो, त्याबद्दल, आणि आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर झालेल्या संभाषणाबद्दल

पेनचं बटण दाबल्यावर उघडणाऱ्या मेनूत स्मार्ट सिलेक्शन असतं, त्यात चौकोन, लंबगोल आणि मोकळ्या हाताने आखायचं असे आकार मिळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचंच उत्पादन आहे. निदान आज दुपारपर्यंत माझा तसा समज होता.

मी जीवशास्त्र शिकवते. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या पेशींच्या चित्रांतला मधला भाग लंबगोलाने उचलायचा, पानांच्या आकृत्यांमधून एकेक पान कडेकडेने आखून घ्यायचं आणि हे सगळं फिकट पिवळ्या पार्श्वभूमीच्या सरावपत्रिकेवर मांडायचं, हे माझं रोजचं काम. पेनवाला टॅबलेट घेतला तो याच सोयीसाठी. अपडेट येईपर्यंत ती सोय होतीही. निवडलेल्या भागाबाहेरचे कोपरे पारदर्शक राहायचे, पान पिवळ्या कागदावर ठेवलं की भोवती पिवळाच रंग दिसायचा.

अपडेटनंतर तेच कोपरे काळे येतात. राखाडी नाही, पांढरे नाही, ठार काळे. स्क्रीनशॉटचा प्रकार सेटिंगमध्ये आधीपासून PNG ठेवलेला आहे आणि पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट इमानेइतबारे .png म्हणूनच येतो. स्मार्ट सिलेक्शनने सेव्ह केलेल्या चित्राचा तपशील उघडला, तर नावाच्या शेवटी .jpg. जुन्या चित्रांच्या तपशिलात .png आहे. दोन्ही चित्रं याच टॅबलेटवर, याच पेनने, याच आकृतीवरून घेतलेली. मधे बदललं ते फक्त तुमचं सॉफ्टवेअर.

कुठलीही चित्राची फाइल मुळात चौकोनीच असते हे मला माहीत आहे. (तुमच्या प्रतिनिधीने ते मला एखादं गुपित उघड करावं तसं सांगितलं, त्यावर पुढे येतेच.) लंबगोल चित्र म्हणजे चौकोनी फाइलच, फक्त तिच्या कोपऱ्यांतल्या प्रत्येक बिंदूपाशी ‘हा दाखवू नका’ अशी नोंद असते. PNG मध्ये ही पारदर्शकतेची नोंद ठेवायला जागा आहे, JPG मध्ये नाही. त्यामुळे पारदर्शक कोपरे असलेलं चित्र जसंच्या तसं JPG मध्ये कोंबलं, की ‘दाखवू नका’ ही सूचना गळून पडते आणि खाली उरलेला शून्य रंग, म्हणजे काळा, उघडा पडतो.

बिघाड नेमका कुठे आहे, हेही मी तुमच्यासाठी शोधून ठेवलंय. ते खरं तर तुमच्या लोकांचं काम होतं, पण असो. लंबगोल निवडून तो तुकडा पडद्यावर पिन केला, तर तो व्यवस्थित लंबगोल तरंगतो, कोपऱ्यातून मागचं सगळं दिसतं. म्हणजे निवड बरोबर होते, कापणंही बरोबर होतं. तोच तुकडा सेव्ह न करता शेअरच्या बटणाने थेट चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये पाठवला, तर तिथेही कोपरे पारदर्शक येतात. फक्त सेव्हचं बटण दाबलं की काळे. मोकळ्या हाताने आखलेल्या भागाचंही तंतोतंत हेच होतं. चूक शेवटच्या एका पायरीत आहे. माझ्या एका प्रोग्रामर सहकाऱ्याच्या मते अँड्रॉइडमध्ये अशा ठिकाणी ढोबळमानाने एवढीच ओळ असायला हवी:

```
bitmap.compress(Bitmap.CompressFormat.PNG, 100, stream)
```

आणि तुमच्याकडे PNG च्या जागी JPEG पडलं असावं. तुमचा कोड आम्ही पाहिलेला नाही, पण लक्षणं तीच आहेत.

आता आजचं संभाषण. याआधीच्या फोनांवर मला टॅबलेट बंद करून चालू करायला, पेन जागेवर ठेवून परत काढायला आणि पडदा मऊ कपड्याने पुसायला सांगितलं गेलं होतं. मी पडदा पुसलासुद्धा. आज मात्र मला ‘वरिष्ठ तज्ज्ञ’ मिळाले.

मी सगळं वर लिहिलंय तसं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, स्क्रीनचा आकार कसा आहे?”

म्हटलं, “चौकोनी.”

“मग फोटो चौकोनीच येणार ना?”

मी विचारलं, “मग मेनूत लंबगोलाचं चिन्ह कशासाठी दिलंय?”

“ते सिलेक्ट करण्यासाठी आहे, मॅडम.”

“आणि सिलेक्ट केल्यावर?”

“सिलेक्ट केल्यावर चौकोनी सेव्ह होतं.”

म्हणजे हॉटेलात मेनूकार्डावर पुरणपोळी छापलेली, पण ती फक्त बोट ठेवण्यापुरती. मी तरीही आवाज चढवला नाही. त्याच टॅबलेटवर अपडेटच्या आधी घेतलेली पारदर्शक चित्रं माझ्याकडे आहेत, पाठवू का, असं विचारलं. त्यावर उत्तर आलं, “मॅडम, ती दुसऱ्या डिव्हाइसवरची असतील.” म्हणजे माझा टॅबलेट मला ओळखता येत नाही. फाइलच्या तपशिलात चित्र घेतल्याची वेळ आहे म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, चला, निदान तपासून बघताहेत. मग ते म्हणाले, “तुमचे विद्यार्थी कोपऱ्यांकडे बघतात का, मॅडम? ते मधलं पान बघणार ना?”

साहेब, हो, बघतात. कारण कोपरे पानापेक्षा मोठे आहेत.

हे तोंडी पटलं नाही म्हणून लेखी हिशोब देते. ८०० बाय ६०० बिंदूंच्या चौकटीत मावणारा लंबगोल घेतला, तर चौकटीत एकूण ४,८०,००० बिंदू येतात. लंबगोलाच्या वाट्याला त्यातले साधारण ३,७७,००० जातात. उरलेले सुमारे १,०३,००० बिंदू, म्हणजे एक पंचमांशाहून जास्त चित्र, निव्वळ काळं. लंबगोल लहान घ्या, मोठा घ्या, लांबट घ्या, हे प्रमाण बदलत नाही. ही झाली त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पपईचं पान मोकळ्या हाताने कडेकडेने आखलं, की त्याच्या खाचांमधली आणि लांब देठाच्या दोन्ही बाजूंची सगळी जागा काळी होते, आणि ती पानापेक्षा जास्त भरते. अशी दोन पानं सरावपत्रिकेवर शेजारी ठेवली, की एकाची काळी चौकट दुसऱ्याच्या टोकावर चढते. विद्यार्थ्याने ‘पानाचं टोक कोणत्या प्रकारचं आहे’ हे ओळखायचं असतं. टोक तुमच्या सेव्हच्या बटणाखाली गाडलं गेलेलं.

“मग काळा रंग एडिटिंगमध्ये काढून टाका,” असाही सल्ला मिळाला. तेही करून पाहिलंय. JPG चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे तुकडे पाडून ते दाबून ठेवतं. जिथे हिरवं पान संपून काळं सुरू होतं, तिथे त्या तुकड्यांत दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात. त्यामुळे काळा काढला तरी पानाभोवती मळकट किनार उरते, आणि काढणाऱ्या साधनाची पकड वाढवली तर पानाच्या गडद शिराही खाल्ल्या जातात. दातेरी कडेचं पान असेल तर दाते बोथट होतात. पानाची कड हाच जिथे प्रश्न, तिथे कड बिघडवणारा उपाय मला तुमचे तज्ज्ञ सुचवतात!

सगळ्यात शेवटी त्यांनी काय सुचवावं? फॅक्टरी रीसेट. सेव्ह करताना फाइलचा प्रकार चुकतोय, म्हणून मी माझ्या सगळ्या नोंदी, आकृत्या, पत्रिका पुसून टाकायच्या. मी नकार दिला. त्यावर, “ग्राहकाने सहकार्य केलं नाही, म्हणून तक्रार बंद करत आहोत,” असं सांगून फोन ठेवण्यात आला. लगेच मेसेज आला: आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी गुण द्या. त्या मेसेजमध्ये शून्याची सोय नव्हती.

सध्या मी काम कसं चालवते तेही सांगते, म्हणजे तुमच्या प्रतिनिधींना निदान पुढच्या ग्राहकाला काहीतरी उपयोगाचं सांगता येईल. निवड केल्यावर सेव्ह दाबत नाही. शेअर करून तुकडा चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये नेते आणि तिथून PNG म्हणून बाहेर काढते. तो कुणाला मेसेजमधून पाठवायचा तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवते, कारण फोटो म्हणून पाठवला की मेसेजचं अ‍ॅप पुन्हा JPG करतं. आणि कोपरे खरंच पारदर्शक आहेत की काळे, हे गॅलरीत बघून ठरवत नाही. तुमच्या गॅलरीची मागची बाजू डार्क मोडमध्ये काळीच असते, तिथे दोन्ही सारखेच दिसतात. चित्र पिवळ्या कागदावर ठेवूनच बघते. तुमच्याही तपासणी विभागाने हे गॅलरीत बघून ‘ठीक आहे’ म्हटलं असेल, अशी मला दाट शंका आहे.

पण प्रत्येक पानासाठी ही प्रदक्षिणा घालायची होती, तर पेनवाला महागडा टॅबलेट कशाला घेतला? कोपरे अपडेटच्या आधी पारदर्शक होते. हे मी परत लिहितेय, कारण फोनवर दर वेळी ते ऐकलंच गेलं नाही. अपडेटच्या आधी पारदर्शक होते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. लंबगोल आणि मोकळ्या आकाराची निवड सेटिंग काहीही असो, PNG मध्येच सेव्ह व्हावी. JPG चाच हट्ट असेल तर निदान सेव्ह करण्याआधी ‘कोपरे काळे होतील’ असं विचारावं. बंद केलेली माझी तक्रार पुन्हा उघडावी आणि ‘ग्राहकाने सहकार्य केलं नाही’ हा शेरा लेखी मागे घ्यावा. दुरुस्ती कोणत्या अपडेटमध्ये येणार, हे तांत्रिक विभागातल्या माणसाने कळवावं. पडद्याचा आकार विचारणाऱ्याने कृपया फोन करू नये.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. आमच्या विभागात नवे टॅबलेट घ्यायचे ठरतंय आणि कोणते घ्यावेत याचा अहवाल माझ्याकडे आहे. गेल्या वेळी मी तुमचंच नाव सुचवलं होतं.

सोबत: एकाच आकृतीवरून अपडेटआधी आणि अपडेटनंतर घेतलेली दोन चित्रं. डॉक्युमेंट म्हणून जोडली आहेत, फोटो म्हणून नाही. पिवळ्या कागदावर ठेवून बघावीत.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका
(नाव आणि टॅबलेटचा अनुक्रमांक तुमच्या बंद केलेल्या तक्रारीत आहेत)