मालकाचा वाटा भरतो कोण? केंद्रीय श्रममंत्र्यांना खुले पत्र

माननीय डॉ. मनसुख मांडवियाजी,
केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री

सप्रेम नमस्कार.

मी चाकण परिसरातल्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं तयार करतो. महिनाअखेरीला हजेरी येते, त्यावरून स्लिपा निघतात. मग पीएफची ईसीआर फाइल, म्हणजे कुणाचे किती भरायचे याची महिन्याची यादी, चढवायची, चलन काढायचं, पंधरा तारखेच्या आत पैसे भरायचे. वर्षानुवर्षं हेच काम करतोय. एका प्रश्नाचं सरळ उत्तर मात्र मला अजून देता आलेलं नाही आणि ते आपल्याच खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

प्रश्न एका हेल्परने विचारला. नवीन लागलेला पोरगा. एका हातात नेमणुकीचं पत्र, दुसऱ्या हातात पहिल्या महिन्याची स्लिप. पत्रावर लिहिलेलं महिना 20,535 आणि खात्यात आले 15,865. "साहेब, चार हजार सहाशे सत्तर कुठं गेले?"

स्लिप पालथी करून मी त्याला हिशेब मांडून दाखवला. बेसिक आणि डीए मिळून 15,000, घरभाडं वगैरे 3,000, म्हणजे एकूण पगार 18,000. त्यातून त्याचा पीएफ 12 टक्क्यांनी 1,800, कामगार विम्याचे 0.75 टक्क्यांनी 135 आणि व्यवसाय कर 200 कापला. राहिले 15,865. इथवर त्याला पटलं. पण 18,000 आणि 20,535 यांच्यामध्ये आणखी 2,535 होते. ते कंपनीने भरायचे: पीएफचा वाटा 1,800, ठेव-संलग्न विम्याचे 75, प्रशासकीय शुल्क 75 आणि कामगार विम्याचे 3.25 टक्क्यांनी 585.

तो म्हणाला, "हे मालकानं भरायचेत ना? मग माझ्या पगारात का धरले?"

मी म्हणालो, "सीटीसी म्हणतात त्याला. तुझ्यावर कंपनीचा एकूण खर्च."

"म्हणजे माझेच."

मी गप्प बसलो. ईपीएफ योजना 1952 च्या परिच्छेद 31 मध्ये स्वच्छ लिहिलंय की करारात काहीही असलं तरी मालकाला आपला वाटा सदस्याच्या पगारातून कापता येणार नाही आणि दुसऱ्या कुठल्या मार्गाने वसूलही करता येणार नाही. स्लिपवर तो कापलेला दिसत नाही, त्यामुळे कायदा मोडलेला नाही. पण पगार ठरतानाच 20,535 चा आकडा पक्का करायचा आणि मालकाचा वाटा त्यातून आधी बाजूला काढायचा, याला वसुली म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

यावर आपल्या खात्याने एकदा उत्तर दिलेलं आहे, आणि ते माझ्या कायम लक्षात राहिलंय. कोविडच्या काळात मे, जून आणि जुलै 2020 या तीन महिन्यांसाठी पीएफचा दर 12 वरून 10 टक्के केला होता. त्या मे महिन्यात श्रम मंत्रालयाने जे प्रसिद्धिपत्रक काढलं, त्यात 10,000 रुपये पगाराचं उदाहरण होतं. कामगाराचे 200 रुपये कमी कापले जातील, हे उघडच होतं. पण पुढे असंही म्हटलं होतं की पगार सीटीसीवर ठरलेला असेल, तर मालकाच्या वाट्यातले वाचलेले 200 रुपयेही कामगारालाच मिळतील. म्हणजे सीटीसीत मालकाचा वाटा हा कामगाराचाच पैसा असतो, हे सरकारने लेखी कबूल केलंय.

परिच्छेद 31 म्हणतो तो मालकाचा, प्रसिद्धिपत्रक म्हणतं तो कामगाराचा. दोन्ही कागद आपल्याच खात्याचे.

आता आयकराशी ताडून पाहा. या पोराचं वर्षाचं उत्पन्न 2,16,000. आयकर शून्य, कारण नव्या कररचनेत 2025-26 पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. त्याबद्दल टाळ्याही वाजल्या. पण दर महिन्याला त्याच्या नावाने 4,470 रुपये पीएफ आणि विम्यात जातात, कंपनीच्या खर्चाच्या जवळपास 22 टक्के. त्याच कंपनीतल्या लाख रुपये पगाराच्या मॅनेजरचा पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच कापला जातो आणि 21,000 च्या वर असल्यामुळे कामगार विमा त्याला लागू नाही. दोन्ही वाटे, ठेव-संलग्न विमा आणि शुल्क मिळून त्याचे 3,750 जातात, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. आयकर त्यालाही नाही. आयकरात वर चढत जावं तसा दर वाढतो. इथे मर्यादा ओलांडली की दर घसरत जातो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर हा हिशेब खोटा ठरेल. हे सगळे 4,470 कर नाहीत. त्याचे 1,800 आणि मालकाच्या वाट्यातले 550 त्याच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या त्याच्या कायम क्रमांकाच्या खात्यावर, जमा होतात, त्यावर व्याज मिळतं आणि ते पैसे त्याचे त्यालाच परत मिळतात. ती सक्तीची का होईना, बचत आहे. पण मालकाच्या वाट्यातले 1,250 थेट पेन्शन योजनेत जातात आणि ते त्याच्या पासबुकात शिल्लक म्हणून वाढत नाहीत. त्यात कामगार विम्याचे 720 आणि ठेव-संलग्न विमा व प्रशासकीय शुल्काचे 150 मिळवा. एकूण 2,120, म्हणजे खर्चाच्या दहा टक्क्यांहून थोडं जास्त. वर्षाला 20 लाख पगार घेणाऱ्याचा नव्या रचनेतला आयकर उपकरासकट 1,92,400 होतो, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत.

बदल्यात काहीच मिळत नाही, असं मी म्हणत नाही. कामगार विम्याच्या दवाखान्यात बायकोचं बाळंतपण झालेले कितीतरी जण मला माहीत आहेत. पेन्शनचा हिशेबही ठरलेला आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पंधरा हजारांवर तीस वर्षं भरली तर, वीस वर्षांपुढे मिळणारी दोन वर्षांची भर धरून, महिना 6,857. पण मासिक पेन्शनला किमान दहा वर्षांची नोकरी लागते. आमच्याकडचा ठेक्यावरचा पोरगा दर वर्षी-दीड वर्षाने ठेकेदार बदलतो, मधले काही महिने गावी जातो, नवीन ठेकेदार नवीन यूएएन काढून बसतो आणि जुनी नोकरी जोडायची राहून जाते. भरणा नियमित होत असतो, पण दहा वर्षं काही पुरी होत नाहीत.

आता मूळ मुद्दा. मालकाचा वाटा शेवटी कुणाच्या अंगावर पडतो, हे कायद्यातल्या शब्दांवर ठरत नाही. ते पगाराच्या बोलणीत ठरतं. मालक माणूस घेताना एकच आकडा बघतो, एकूण किती पडेल. सरकारने वाटा वाढवला तर त्या महिन्यात तो निमूटपणे भरतो. दिवाळीनंतर वाढ द्यायची वेळ आली की त्यातून तो वळता होतो. "यंदा पीएफच वाढलाय" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, त्याला मोजदाद नाही.

मालकाच्या अंगावर तो खरोखर पडतो ते किमान वेतनावरच्या माणसाच्या बाबतीत, कारण तिथे पगार आणखी खाली ओढता येत नाही. पण तिथेही पळवाट आहे. काही ठेकेदार बँकेत पूर्ण पगार टाकतात, पीएफ कायदेशीर भरतात आणि दुसऱ्या दिवशी "कंपनीचा हिस्सा" म्हणून रोख परत घेतात. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पगाराच्या दुसऱ्याच दिवशी त्याच टोळीतल्या सगळ्यांच्या खात्यातून एकसारखी रक्कम निघालेली दिसते. परिच्छेद 31 याच प्रकारासाठी आहे, पण तक्रार केली की पुढच्या महिन्यात हजेरीपुस्तकात नाव नसतं.

उलट दिशेने काय होतं, तेही पाहिलंय. जुलै 2019 पासून कामगार विम्याचा मालकाचा दर 4.75 वरून 3.25 झाला आणि कामगाराचा 1.75 वरून 0.75. मी करत असलेल्या पगारपत्रकांत कामगाराचा एक टक्का त्याच महिन्यात हातात आला. मालकाचा वाचलेला दीड टक्का मात्र एकाही स्लिपवर दिसला नाही. माझी पगारपत्रकं म्हणजे देश नव्हे, हे कबूल. पण स्वीडनने 2007 पासून तरुण कामगारांवरचा मालकांचा भरणा जवळपास अर्धा केला, तेव्हा अभ्यासकांना असंच दिसलं. नोकऱ्या वाढल्या, पण तरुणांचा हातातला पगार वाढला नाही. चिलीत 1981 च्या पेन्शन बदलानंतर मालकांचा भरणा घटला. तिथे अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर यांना उलटं आढळलं, वाचलेला पैसा मजुरीत उतरला होता. तेव्हा बाजाराप्रमाणे उत्तर बदलतं. आमच्या बाजारात वाढीचा भार खाली सरकतो आणि कपातीचा फायदा वरच थांबतो, असा माझा अनुभव आहे.

हे आत्ताच लिहायचं कारण असं की पीएफची 15,000 ची मर्यादा सप्टेंबर 2014 पासून तशीच आहे आणि ती वाढवावी ही मागणी रास्तच आहे. पण समजा ती 25,000 केली. ज्याचं बेसिक तेवढं आहे, त्याच्या कपातीत 1,200 ची भर पडेल आणि मालकाच्या भरण्यात शुल्कासह 1,300 ची. नेमणूक सीटीसीवर असेल, तर हातातला पगार 1,200 ने नव्हे, 2,500 ने घटेल. घरभाडं, शाळेची फी, दुचाकीचा हप्ता, सगळं त्यातूनच जातं.

म्हणून मर्यादा वाढवाल त्या अधिसूचनेत दोन ओळी घाला. पहिली, ज्या तारखेला मर्यादा वाढेल त्या दिवशीचा कामगाराचा एकूण पगार, म्हणजे मालकाचा वाटा धरण्याआधीचा, निदान वर्षभर कमी करता येणार नाही. सीटीसीची फेरमांडणी करून तो कमी केला, तर ती परिच्छेद 31 खालची वसुलीच समजली जाईल. दुसरी, प्रत्येक स्लिपवर मालकाचा वाटा छापायचा, पेन्शनमध्ये किती गेला आणि खात्यात किती आला, हे वेगवेगळं दाखवून. ईसीआरमध्ये हे आकडे मी दर महिन्याला भरतोच. स्लिपवर आणखी तीन ओळी छापायला कंपनीला खर्च येणार नाही.

त्या पोराने पालथी केलेली स्लिप घडी घालून खिशात ठेवली आणि जाताना विचारलं, "पेन्शनचे 1,250 कुठल्या कागदावर दिसतात?" मोबाइलवर त्याचं पासबुक उघडून मी त्याला तो रकाना दाखवला. स्लिपवर मात्र दाखवण्यासारखं काही नव्हतं.

आपला,
पगारपत्रकं करणारा एक लेखनिक, चाकण