लॅब रिपोर्ट लीक: तुमचं 300 रुपयांचं कूपन नको, झालेलं नुकसान भरून द्या

प्रति,
ग्रीव्हन्स ऑफिसर,
(घरपोच ब्लड टेस्ट करणारी तुमची कंपनी)

विषय: डेटा लीकमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणेबाबत

सर/मॅडम,

29 मार्चला तुमचा मेल आला. काही ग्राहकांची माहिती "अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेली असण्याची शक्यता" आहे, बँकेची किंवा कार्डाची माहिती गेलेली नाही त्यामुळे कुठलंही आर्थिक नुकसान संभवत नाही, आणि मनस्तापाबद्दल 300 रुपयांचं कूपन. ते कूपन मी वापरलेलं नाही आणि वापरणारही नाही, कारण त्याच्या अटींमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलंय की कूपन वापरलं की या प्रकरणात ग्राहकाचा पुढे काही दावा राहणार नाही.

बँक डिटेल्स गेले नाहीत म्हणजे नुकसान नाही, हे तुमचं म्हणणं साफ चुकीचं आहे. नक्की काय गेलं आणि त्यातून आमच्या घरात काय झालं ते सांगतो.

माझ्या अकाउंटवर घरातल्या तिघांच्या टेस्ट बुक होतात, माझ्या, बायकोच्या आणि बाबांच्या. तुमच्याच मेलप्रमाणे नाव, मोबाईल, पत्ता, जन्मतारीख, ऑर्डर नंबर आणि रिपोर्टच्या पीडीएफ फाईली बाहेर गेल्या. 17 मार्चला दुपारी बाबांना फोन आला. समोरचा माणूस तुमच्या कंपनीचं नाव सांगून बोलला, "काका, तुमची एचबीएवनसी 8.1 आलीय ना, ते सॅम्पल खराब झालं होतं, रिपीट टेस्ट फ्री आहे आणि आधीचे पैसे रिफंड करायचेत." ऑर्डर नंबर त्याने स्वतःहून वाचून दाखवला. 8.1 हा बाबांच्या शुगरचा आकडा घरात मी आणि बाबा सोडून कुणाला माहीत नव्हता, त्यांच्या डॉक्टरांनासुद्धा तोवर रिपोर्ट दाखवलेला नव्हता. मग रिफंडसाठी म्हणून क्यूआर पाठवला आणि दोन वेळा मिळून 38,500 रुपये बाबांच्या पेन्शनच्या खात्यातून गेले. मी लगेच 1930 वर तक्रार नोंदवली, त्यामुळे पुढच्या एका खात्यात 6,200 रुपये होल्ड झाले. बाकीचे 32,300 गेले ते गेलेच.

बँकेने हात वर केले आणि नियमाप्रमाणे त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या सर्क्युलरप्रमाणे ग्राहकाच्या नकळत व्यवहार झाला आणि त्याने तीन वर्किंग डेजमध्ये कळवलं तर त्याच्यावर काही बोजा येत नाही, पण इथे पिन बाबांच्याच हाताने टाकला गेला म्हणून बँक म्हणते हा अनधिकृत व्यवहार नाहीच. ठीक आहे, बँकेचा विषय बँकेपाशी. पण पिन टाकण्याइतका विश्वास बाबांना बसला तो तुमच्याकडून गेलेल्या रिपोर्टमुळे. म्हणून हे पैसे मी तुमच्याकडे मागतोय.

आता तुमचे वकील विचारतील की याला कायद्याचा आधार काय. आयटी कायदा 2000 चं कलम 43ए. ज्या कंपनीकडे लोकांची संवेदनशील वैयक्तिक माहिती आहे तिने ती सांभाळताना निष्काळजीपणा केला आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. यात एक मेख आहे, जिचा फायदा बऱ्याच कंपन्या घेतात. संवेदनशील माहिती कशाला म्हणायचं ते 2011 च्या नियमांमध्ये दिलंय, त्यात पासवर्ड आहे, बँक-कार्डाचे डिटेल्स आहेत, बायोमेट्रिक आहे. नाव, फोन नंबर आणि पत्ता त्यात नाही. म्हणजे एखाद्या कपड्यांच्या ॲपमधून फक्त माझा नंबर आणि पत्ता गेला असता तर या कलमाखाली मला काही मागता आलं नसतं. पण त्याच यादीत शारीरिक आणि मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय रेकॉर्डही आहे, आणि तुमच्याकडून गेलाय तो लॅब रिपोर्ट. तेव्हा "बँक डिटेल्स गेले नाहीत" हे वाक्य तुमच्या बाबतीत काहीच कामाचं नाही. या कलमाखालची 5 कोटींपर्यंतची प्रकरणं राज्याच्या आयटी विभागाच्या सचिवांपुढे चालतात, ते यासाठीचे न्यायनिर्णय अधिकारी असतात, त्यामुळे 32,300 साठी मला मोठ्या कोर्टात जायची गरज नाही.

दुसरा प्रश्न तुम्ही विचाराल की हा फ्रॉड आमच्याच लीकमुळे झाला हे कशावरून, आजकाल डेटा सगळीकडूनच लीक होतो. बरोबर आहे, होतो. म्हणूनच मी रोजच्या लोनवाल्या आणि प्लॉटवाल्या फोनबद्दल तुमच्याकडे एक रुपयाही मागत नाहीये, माझा नंबर आधीच कुठे कुठे फिरतोय आणि ते फोन तुमच्यामुळे आले हे मला सिद्ध करता येणार नाही. पण बाबांच्या फोनचं तसं नाही. ऑर्डर नंबर आणि 8.1 हा आकडा एकत्र फक्त तुमच्या सिस्टीममध्ये होता. बाबांचा फोन सगळे कॉल रेकॉर्ड करतो, ते पूर्ण रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे आणि त्यात तो माणूस या दोन्ही गोष्टी स्वतः बोलतोय.

आणि सगळ्यात जास्त राग आलाय तो तारखांचा. तुमच्याच मेलमध्ये लिहिलंय की गडबड 3 मार्चला लक्षात आली. अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, म्हणजे सर्ट-इनला कळवायच्या असा 2022 पासूनचा आदेश आहे, तो तुम्ही पाळला की नाही ते तुम्हालाच माहीत, त्याची प्रत द्या. पण ग्राहकांना कळवलंत 29 ला. फ्रॉड झाला 17 ला! 4 मार्चला जरी एक एसएमएस टाकला असतात की आमच्याकडून रिपोर्ट लीक झालेत, आमच्या नावाने रिफंडचा फोन आला तर फसू नका, तर बाबांनी तो फोन ठेवून दिला असता, ते असे मेसेज वाचतात आणि मला फॉरवर्डही करतात. लीक हॅकरने केलं असेल, गप्प बसायचा निर्णय तुमचा होता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या नीट वाचा. निष्काळजीपणामुळे ग्राहकाचं नुकसान होणं हे त्रुटीत येतंच, पण ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. बुकिंग माझ्या नावाने होतं म्हणून बाबा तुमचे ग्राहक नाहीत असंही म्हणू नका, पैसे देऊन घेतलेल्या सेवेचा लाभ ज्याला मिळतो तोही त्या कायद्यात ग्राहकच आहे.

आता जे नुकसान कुठल्याच बँक स्टेटमेंटमध्ये दिसत नाही त्याबद्दल. माझ्या बायकोची एएमएच टेस्ट तुमच्याकडे झाली होती. मूल होण्यासाठी आमची ट्रीटमेंट चालू आहे हे आम्ही दोघांच्या आईवडिलांनाही सांगितलेलं नाही. मार्चच्या शेवटी तिला ऑफिसमध्ये असताना फोन आला, एक बाई तिचं नाव घेऊन म्हणाली की तुमची एएमएच लो आहे, आमच्याकडे आयव्हीएफचं पॅकेज ईएमआयवर आहे. शेजारी सहकारी बसलेल्या, स्पीकर चालू होता कारण ती टाईप करत होती. तेव्हापासून ती अनोळखी नंबर उचलत नाही आणि ऑफिसमध्ये कुणाला काय कळलंय याच विचारात असते. एक रुपया गेला नाही, पण याला नुकसान म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

इथे 43ए पुरत नाही हे मला माहितीय. त्यातली नुकसानीची भाषा फौजदारी कायद्यातून आलेली आहे आणि तिथे बेकायदा मार्गाने मालमत्ता गमावणं असाच अर्थ आहे, मनस्ताप त्यात बसवणं कठीण जाईल. पण ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे. लखनऊ डेव्हलपमेंट अथॉरिटीच्या 1993 च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की भरपाई म्हणजे फक्त पैशातलं नुकसान नाही, मानसिक त्रास आणि छळवणूकही त्यात धरायची, आणि आयोग आजही त्यावर चालतात. म्हणून हा भाग मी त्या कायद्याखाली मागतोय.

पुढे कधी काही होईल याची भीती आहेच, रिपोर्ट एकदा बाहेर गेला की पासवर्डसारखा बदलता येत नाही. बल्गेरियाच्या टॅक्स खात्यातून 2019 मध्ये साठ लाखांवर लोकांचा डेटा गेला होता, त्या प्रकरणात युरोपियन कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं की गैरवापराची भीती हेही नुकसान ठरू शकतं, फक्त ती खरी आहे हे दाखवावं लागतं. आपल्याकडे असा स्पष्ट नियम नाही म्हणून नुसत्या भीतीचे पैसे मी मागत नाही. त्याऐवजी लेखी हमी हवी की या लीकमधल्या माहितीमुळे पुढे आमचं आर्थिक नुकसान झालं तर आज मिळालेल्या रकमेमुळे तो दावा बंद होणार नाही.

नवीन डेटा प्रोटेक्शन कायद्याखाली काय ती चौकशी होईल असं तुमच्या कस्टमर केअरने फोनवर सांगितलं. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. सुरक्षेत ढिलाई केली तर त्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे पण तो सगळा सरकारी तिजोरीत जातो, ज्याचा डेटा गेला त्याला त्यातून काही मिळत नाही, उलट त्याच कायद्याने 43ए पण काढून टाकलं जाणार आहे. तोवर 43ए जिवंत आहे, म्हणून मी थांबणार नाही.

माझी मागणी अशी आहे. बाबांचे गेलेले 32,300 रुपये, होल्ड झालेले 6,200 त्यातून आधीच वजा केलेत. कार्ड आणि चेकबुक बदलल्याचे आणि तक्रारीच्या कागदपत्रांचे 740, पावत्या जोडल्यात. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो म्हणून त्याचे पैसे धरलेले नाहीत. बायकोला झालेल्या त्रासाबद्दल 50,000 आणि बाबांच्या त्रासाबद्दल 25,000. एकूण 1,08,040 रुपये. शिवाय आमच्या तिघांची नेमकी कुठली फाईल गेली ते फाईलनिहाय लेखी सांगा आणि आमच्या अकाउंटचे ॲक्सेस लॉग डिलीट करू नका, ते पुरावा म्हणून लागणार आहेत. लॉग गायब झाले तर तेही मी आयोगापुढे मांडेन.

2011 च्या नियमांप्रमाणे ग्रीव्हन्स ऑफिसरने एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते, तेवढी मुदत तुम्हाला आहे. त्यानंतर ई-जागृती पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगात केस दाखल करेन आणि 32,300 पुरता 43ए खालचा अर्ज करता येतो का ते वकिलांना विचारून ठरवेन, एकच रक्कम दोन ठिकाणी मागणार नाही. उत्तर फोनवर नको, मेलवरच द्या.

सोबत: तुमचा 29 मार्चचा मेल, 1930 च्या तक्रारीची पोच, बँकेचं उत्तर, खर्चाच्या पावत्या. कॉल रेकॉर्डिंग मागितलंत की पाठवतो.

कळावे,
तुमचा ग्राहक, पुणे