शमास पत्र

इंदूर

प्रिय शमा,

पत्र नाही म्हणून रुसली असशील, रूस. माझा गुडघा बरा आहे, बीपी गोळीवर. लिहायचं कारण वेगळं आहे, आणि ते तुलाच कळेल.

परवा रामबागेतल्या एक काकू फायब्रॉइडसाठी गर्भाशय काढायला टेबलावर होत्या. मी भूल दिली, स्नायू सैल झाले, कॅथेटरने लघवी काढली. सर्जनने दोन बोटं आत आणि एक हात पोटावर ठेवून गर्भाशय केवढं, हलतं की चिकटलंय ते पाहिलं. ते हवंच, त्यावर ऑपरेशन खालून की पोटातून ते ठरतं. मदतीच्या रेसिडेंटनेही पाहावं. पण मागे तीन विद्यार्थी ग्लोव्हज घालून रांगेत! मी म्हटलं, "यांचं काकूंना विचारलंय?" युनिट हेड म्हणाले, "संमतिपत्रात आहे की." मी फाइल उघडली. त्यात विद्यार्थ्यांच्या हजेरीची परवानगी होती, हात लावण्याची नाही. पोरं मागे सरली आणि साहेब दिवसभर फुगून बसले.

तू म्हणशील, "विचारत बसलात तर शिकणार कधी?" होस्टेलवर यावरूनच तू माझा चहा बंद केला होतास ना! तुझं अर्धं खरं होतं. जागी बाई पोट आवळून धरते, भुलेत गर्भाशय कसं अलगद हाताशी येतं. मॉडेलच्या रबराला ती सर येत नाही. पण दुखलं की चेहरा कसा बदलतो, तिथे हात कसा थांबवायचा, हे झोपलेल्या बाईकडून कसं शिकणार?

२००८ चा समीरा कोहलीचा निकाल आठवतो? दुर्बिणीने फक्त तपासणीची संमती होती. ती भुलेत असताना आईला विचारून गर्भाशय आणि अंडाशय काढले. जीव धोक्यात नसेल तर एका गोष्टीची संमती दुसरीला लागू होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. विद्यार्थ्यांचा प्रश्न तिथे नव्हता, पण धागा तोच. अमेरिकेत तर २०२४ मध्ये सरकारने हॉस्पिटलांना कळवलं, की भुलेतल्या रुग्णाची अशी तपासणी विद्यार्थ्याकडून करवायची तर आधी तिची संमती घ्या.

साहेबांशी भांडून एवढं पदरात पाडलं: आदल्या संध्याकाळी वॉर्डात, नातेवाइकांना बाहेर काढून, जो विद्यार्थी तपासणार त्यानेच नाव सांगून विचारायचं. टेबलावर मिडाझोलाम दिल्यावरचा 'हो' धरायचा नाही. नकार आला तर ऑपरेशन तसंच होईल, हेही सांगायचं. पहिल्याच बाईने तिघांना न्याहाळून म्हटलं, "ही मुलगी चालेल, ते दोघं नकोत." मुलगी तपासून आली आणि तिला फाइलमध्ये नोंद करायला लावली. दुसरीने सरळ नको म्हटलं, विषय संपला. साहेबांचं म्हणणं, अशाने टर्मभर पोरांना दोन-चारच तपासण्या मिळतील. मिळतीलही. मग ओपीडीत जाग्या बायकांना विचारून शिकवायला साहेबांना वेळ काढावा लागेल, खरी अडचण ती आहे.

चिन्मयचं ठरलं म्हणे! मुलगी नागपूरची ना? नवीन घराला लिफ्ट लागली का? तुमच्याकडे विद्यार्थ्यांसाठी वेगळा फॉर्म असेल तर फोटो पाठव, साहेबांच्या टेबलावर ठेवते.

तुझी,
सुधा