नामचेहून पत्र: धन्यवादाऐवजी काय म्हणायचं

नामचे बाजार, नेपाळ

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

‘नेपाळीत थँक्यू कसं म्हणतात ते कळव, आम्ही सगळे पाठ करून येतो,’ असं तू लिहिलं होतंस. शब्द तुम्हाला येतोच रे, धन्यवाद. पण इथली माणसं आपसात तो फारसा वापरत नाहीत. भाषणात असतो, पाटीवर असतो, आणि आपल्यासारख्या पाहुण्यांच्या तोंडी असतो. आपण तरी घरी आईने पोळी वाढली की कुठे धन्यवाद म्हणतो? म्हणालात तर कुणाला राग येणार नाही, पण आभार मानायची इथली रीत निराळी आहे.

सुरुवात हाक मारण्यापासून होते. आपल्यापेक्षा मोठा पुरुष दिसला की दाइ, बाई असेल तर दिदी. लहान असतील तर भाइ आणि बहिनी. टी-हाउस चालवणारीला साहुनी म्हणतात, पण तिला हाक मारताना दिदीच बरं. वयाचा अंदाज चुकण्याची भीती वाटली तरी एकदम ‘आमा’वर, म्हणजे आईवर, उडी मारू नका, पस्तिशीतल्या बाईला ते आवडायचं नाही! नावापेक्षा हे नातं आधी येतं, आणि तेवढ्यानेच निम्मं काम होतं.

आता मागणं. ‘कृपया’ इथे बोलण्यात जवळजवळ नाहीच. त्याचं काम क्रियापद आणि शेवटचा ‘न’ करतो. ‘दिदी, तातो पानी दिनुस् न’ म्हणजे ताई, गरम पाणी द्या ना. हा ‘न’ थेट आपल्या ‘ना’सारखा आहे, म्हणून मराठी माणसाला तो लगेच जमतो. ‘दिनुस्’ हे आदराचं रूप. त्याच साच्यात बस्नुस् म्हणजे बसा आणि खानुस् म्हणजे खा.

एका जागी मात्र मराठी आपल्याला फसवते. नेपाळीतला ‘तिमी’ ऐकायला आपल्या ‘तुम्ही’सारखा वाटतो, पण तो हिंदीतल्या ‘तुम’च्या पातळीवरचा आहे. मित्राला किंवा धाकट्या भाइला चालतो. गाइड दाइला किंवा दिदीला तो म्हणू नका, त्यांना तपाईं. फारच अदब दाखवायची असेल तर हजुर. हा ‘हजुर’ बहुगुणी आहे. हाकेला ओ देताना हजुर, आणि ऐकू आलं नाही तर सूर चढवून ‘हजुर?’

संध्याकाळी जेवताना आभार कसे मानायचे ते पाहा. दालभात समोर आला की ताट घेताना दोन्ही हात पुढे करा. एकच हात मोकळा असेल तर उजव्याने घ्या आणि डावा उजव्या कोपराला लावा. पैसे देतानाही तसंच. दोन घास झाले की ‘मीठो छ’ म्हणा, चव छान आहे म्हणून. माझ्या मते हेच इथलं खरं धन्यवाद, कारण ते ऐकून दिदी हसते आणि पातेलं घेऊन पुन्हा येते. पोट भरलं असेल तर ‘पुग्यो’, म्हणजे पुरे. पहिल्यांदा म्हटल्यावर ती थांबेलच असं नाही, तेव्हा ताटावर हात आडवा धरा.

वाटेवर नमस्तेची देवाणघेवाण चालूच असते, भेटताना आणि निघतानाही तेच. वडीलधाऱ्यांना आपण आधी करायचा. पण डोक्यावरच्या नाम्लोने, म्हणजे पट्ट्याने, पाठीवर डोको ही टोपली पेलून चढणाऱ्या भरियाकडून, म्हणजे हमालाकडून, हात जोडण्याची अपेक्षा ठेवू नका. त्याच्या दमाचा हिशेब वेगळा असतो. डोंगराच्या बाजूला सरकून त्याला वाट द्या, मान हलवा, पुरे. ओळख झाली की नमस्तेनंतर ‘भात खानुभयो?’ येतं, आपलं ‘जेवलात का?’ तसं. उत्तर ‘खाएँ’. कुणी निघाला की त्याला ‘बिस्तारै जानुस्’ म्हणतात, सावकाश जा. या उंचीवर तो सल्ला शब्दशः पाळलेला बरा.

इथून वरचा खुम्बू हा भाग शेर्पांचा मुलूख. त्यांच्या घरी नमस्काराला ‘टाशी देलेक’ म्हणालात आणि चहा घेऊन ‘थुचे छे’ म्हणालात, की चेहरे खुलतात. थुचे छे म्हणजे आभार, आणि तो इथे मोकळेपणाने चालतो. पण दिसेल त्याला टाशी देलेक ठोकू नका. ओझी वाहणारे पुष्कळजण खालच्या भागातले राई किंवा तामाङ असतात, आणि त्यांची भाषा वेगळी. शंका असली की नमस्ते. मला तर गिर्यारोहणाचा गणवेश घातलेल्या प्रत्येकाला ‘शेर्पा’ म्हणणाऱ्यांची चीडच येते, शेर्पा ही एक जमात आहे, हुद्दा नव्हे.

एवढं ग्रुपमध्ये वाचून दाखव. वहिनींना विशेष सांग, त्यांचं ‘ना’ लावून बोलणं इथे फार उपयोगी पडेल. आणि लुक्लाच्या विमानतळावर पोचायच्या आधी सुट्या नोटा घेऊन या, वर मोड मिळणं कठीण आहे.

तुझा,
मिलिंद