टीव्हीवर नवरीला कावीळ: पडद्याच्या उजव्या भागातील हिरवट छटेबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: 43 इंची एलईडी टीव्हीवर चेहरे हिरवट दिसणे, दोन भेटींनंतर दोष न काढता तक्रार बंद करणे.

महोदय,

वेंगुर्ल्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ हाच मुख्य धंदा. गणपतीच्या आधी तुमचा टीव्ही घेतला तो घरासाठी नव्हे, तर स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांना त्यांचं लग्न दाखवायला. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच पार्टीतल्या आजीबाई टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "आमच्या चेडवाक कावीळ झाली काय हो?" तोच व्हिडिओ माझ्या एडिटिंगच्या मॉनिटरवर व्यवस्थित होता. टीव्हीवर मात्र नवरीच्या हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत आणि मानेवर शेवाळ धरल्यासारखी हिरवट छटा होती.

तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी तुमचा तंत्रज्ञ आला. मेनूत जाऊन त्याने Tint चा काटा मधल्या शून्यावरून लाल बाजूला 20 वर नेला, नवरीचा चेहरा बघितला आणि "झालं काका" म्हणाला. चेहरा खरंच बरा वाटत होता. म्हणून त्याने मागितलेला ओटीपी मी दिला. चूक माझीच.

तो एसटी स्टँडवर पोचायच्या आत घोळ लक्षात आला. नवरीचं कुंकू राणी रंगाकडे गेलं होतं, माडाची झावळं पिवळसर झाली होती आणि मागचा समुद्र हिरवट. हे असंच व्हायचं होतं. टिंट एकट्या चेहऱ्याला हात लावत नाही, तो चित्रातले सगळे रंग एकाच दिशेला फिरवतो. रंगांचं चाक डोळ्यासमोर आणा: लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळट गुलाबी आणि पुन्हा लाल. कातडीचा रंग लाल आणि पिवळ्याच्या मध्ये बसतो. त्याला लालाकडे ढकललं की हिरवा पिवळ्याकडे सरकतो, निळा आकाशीकडे आणि लाल गुलाबीकडे. आपल्याकडे 1982 साली रंगीत प्रक्षेपण आलं ते पाल पद्धतीचं. त्यात रंग फिरण्याची चूक एका ओळीतून दुसऱ्या ओळीत आपोआप कापली जायची, म्हणून आपल्या जुन्या सेटना टिंटचं बटण बहुधा नसायचंच. आता ते मेनूत आहे, पण सिग्नल डिजिटल असल्यामुळे त्याला मधल्या शून्यावरून हलवायचं सहसा कारण पडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुंडावळ्यांची पांढरी फुलं आणि भटजींचे पिकलेले केस टिंट फिरवल्यावरही हिरवटच राहिले. ज्याच्यात रंगच नाही ते टिंट फिरवणार कसं? म्हणजे बिघाड रंगात नाही, पांढऱ्या-करड्यात आहे. तपासणी सोपी आहे आणि ती मी तुमच्या दुसऱ्या तंत्रज्ञासमोर करून दाखवली. Color शून्यावर आणलं. चित्र कृष्णधवल व्हायला हवं. झालं, पण उजवीकडच्या सावल्या हिरव्या राहिल्या. त्याने मान डोलावली आणि खाऱ्या हवेचं कारण सांगितलं. त्याच भिंतीवर आधीचा टीव्ही नऊ वर्षं होता आणि तेव्हाही समुद्र इथेच होता.

दोष पेनड्राइव्हमध्ये असेल का, हेही बघून घेतलं. सेटटॉप बॉक्स आणि टीव्हीतलं ॲप लावलं तरी उजवीकडे तेच. मग मूव्ही मोड घेतला, रंगाचा टोन वॉर्म केला, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद केला, टिंट परत शून्यावर आणला आणि व्हाइट बॅलन्समध्ये शिरलो. तिथे गेन उजळ भागावर काम करतं आणि ऑफसेट गडद भागावर. हिरवा सावलीत जास्त होता, म्हणून G-Offset एकेक करत उणे 6 पर्यंत आणला. उजवीकडची नवरी माणसात आली. पण डावीकडे उभा असलेला नवरा वांग्याच्या रंगाचा झाला!

खरा दोष इथे सापडला. मी तोच फोटो आडवा उलटा केला, म्हणजे आरशात दिसतो तसा, आणि ऑफसेट पुन्हा शून्यावर ठेवला. आता नवरी डावीकडे आली आणि तिची कावीळ गेली. ती उजवीकडे गेलेल्या नवऱ्याला झाली. शेवटी पडदाभर एकसारखा गडद करडा रंग असलेलं चित्र करून लावलं. डावीकडचे दोन भाग करडे, उजवा तिसरा भाग हिरवट, आणि मधली सीमा इतकी स्पष्ट की चहा घेऊन आलेल्या पोरानेही बोट ठेवून दाखवली. मोबाईलवर काढलेला त्याचा फोटो सोबत जोडला आहे. व्हाइट बॅलन्सचं हे सेटिंग आख्ख्या पडद्याला एकच लागू होतं. उजवा भाग सुधारला की डावा बिघडणार. तेव्हा हा पॅनेलचा किंवा त्याला सिग्नल देणाऱ्या बोर्डाचा दोष आहे, तो मेनूतून जाणार नाही.

नवरी गोरी आणि नवरा सावळा असल्यामुळे फरक दिसतो, असंही मला फोनवर ऐकवण्यात आलं. माणसांची कातडी गोरी-सावळी असते ती मुख्यतः उजेडाच्या आणि रंगाच्या कमी-जास्तपणाने. रंगाची दिशा जवळपास एकच असते. माझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रंगाची दिशा दाखवणारा व्हेक्टरस्कोप असतो, त्यावर दोघांचे चेहरे एकाच तिरक्या रेषेच्या आसपास पडतात. टीव्ही धड असेल तर एक चेहरा नीट दिसला की शेजारचाही दिसतो, कुणाचं लग्न कुणाशी झालंय याच्याशी टीव्हीला देणंघेणं नाही.

दुसऱ्या भेटीच्या जॉबशीटवर "ग्राहकाला समजावले, सेट ठीक" असं लिहून तक्रार बंद केली आहे. त्या वेळी मी ओटीपी दिला नव्हता. तो न देता तक्रार बंद कशी झाली, हे मला लेखी कळवावं. वॉरंटी चालू असूनही त्या भेटीचे पैसे घेतले, ते परत करावेत.

पुढच्या वेळी ज्याला पॅनेल तपासता येतं असा माणूस पाठवा. बोर्डाची केबल सैल असेल तर ती बसवून बघावी, नाहीतर पॅनेल वॉरंटीत बदलून द्यावं. सॉफ्टवेअर अपडेट करा आणि फॅक्टरी रिसेट करा, हे दोन्ही करून झालं आहे. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करेन. फोटो आणि दोन्ही जॉबशीट तयार आहेत.

तंत्रज्ञ दुपारी आला तर बरं. सकाळी दारातून ऊन थेट पडद्यावर येतं आणि त्या उजेडात सावल्यांतला हिरवा दिसत नाही. करडं चित्र मी लावून ठेवतो, लग्नाचा फोटोही दोन्ही बाजूंनी दाखवतो. या खेपेला ओटीपी नवरा आणि नवरी दोघंही माणसात आल्यावरच मिळेल.

आपला ग्राहक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

सोबत: बिलाची प्रत, दोन जॉबशीट, पडद्याचे तीन फोटो.